बहिणीचं लग्न आणि बुधवारची इमर्जन्सी: एका रजेचं प्रकरण

हे प्रकरण राज्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागातलं आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, काही तारखा आणि रुग्णांचे तपशील बदलले आहेत. मी त्या युनिटमध्ये सहाय्यक प्राध्यापक होते आणि रजेच्या अर्जावर शिफारशीची सही माझी होती. त्यामुळे हे बाहेरून बघणाऱ्याचं लिखाण नाही.

पार्श्वभूमी

विभागात सहा युनिट. सोमवार ते शनिवार प्रत्येक युनिटचा एक इमर्जन्सीचा दिवस ठरलेला, रविवार पाळीपाळीने. आमचा बुधवार. इमर्जन्सी सकाळी आठला सुरू होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपते. त्या चोवीस तासांत कॅज्युल्टीतून मेडिसिनला दाखल होणारा प्रत्येक रुग्ण आमचा. मे महिन्यात हा आकडा पस्तीस ते चाळीसच्या घरात असे. बुधवारीच आमची ओपीडीही असायची.

युनिटमध्ये कागदावर पाच कनिष्ठ निवासी डॉक्टर, म्हणजे जेआर होते, पुढचा आकडा त्यांच्या वर्षाचा: दोन जेआर-१, दोन जेआर-२ आणि एक जेआर-३. दोनपैकी एक जेआर-२ जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी तीन महिने जिल्हा रुग्णालयात गेलेला, म्हणजे प्रत्यक्षात चार. इमर्जन्सीला त्यांची वाटणी अशी: एक जेआर-१ कॅज्युल्टीत, दुसरा वॉर्डात, जेआर-२ आयसीयूत आणि जेआर-३ या सगळ्यांवर. चौघांपैकी कुणीही बसून नसतं. वॉर्डातल्या जेआर-१ला रक्ताचं कलेक्शन, रिपोर्ट आणणं, सलाइन-इंजेक्शनच्या ऑर्डरी, सीटीला रुग्ण घेऊन जाणं, डिस्चार्ज कार्डं, आणि रात्री कुणाचा श्वास चढला तर सगळ्यात आधी धावणं, एवढं असतं.

डॉ. क हा त्या दोन जेआर-१पैकी एक. घर बसने आठ तासांवर. धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं: मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी बाराच्या पुढचा मुहूर्त, आदल्या दिवशी हळद. वडील काही वर्षांपूर्वी गेलेले, हा एकुलता भाऊ. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावाने, कानपिळीही त्याचीच. आईने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की डॉक्टर मंगळवारी येणार.

हळद आमच्या इमर्जन्सीच्या दिवशी होती आणि लग्न पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी. आठवड्यातले याहून अवघड दोन दिवस शोधून सापडले नसते.

अर्ज उशिरा का आला

अर्ज माझ्या हातात पडला तो लग्नाच्या बारा दिवस आधी. मे महिन्याचा रोस्टर 25 एप्रिललाच लागला होता. माझा पहिला प्रश्न चिडूनच गेला, "अरे, फेब्रुवारीत ठरलेलं लग्न तू आत्ता सांगतोयस?"

तो म्हणाला, "मॅडम, मी मार्चमध्येच सरांना सांगितलं होतं."

हे खरं होतं. मार्चमध्ये रात्रीच्या राउंडनंतर त्याने जेआर-३ला सांगितलं होतं आणि जेआर-३ म्हणाला होता, "बघू, जवळ आलं की आठवण कर." क ने याचा अर्थ होकार असा घेतला. जेआर-३च्या मते त्याने काहीच कबूल केलं नव्हतं, आणि रोस्टर लावताना त्याला ते आठवलंही नाही. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. पण नव्या जेआर-१ला पहिल्याच महिन्यात ऐकवलं जातं की पहिल्या वर्षाला सुट्टी नसते, आणि असं ऐकलेला मुलगा दुसऱ्यांदा विचारायला सहसा जात नाही. "बघू" हा शब्द तो जपून ठेवतो आणि वाट बघत बसतो.

नियम याहून वेगळं सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला वर्षाला 20 दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे, कामाच्या निकडीच्या अधीन राहून आठवड्याला एक सुट्टीही आहे. हजेरी किमान 80 टक्के लागते आणि मंजुरीपेक्षा जास्त रजा झाली तर अभ्यासक्रम तेवढे दिवस लांबतो. क ने तोवर वर्षभरात दोन दिवस घेतले होते. म्हणजे रजा त्याच्या हक्काची होती. रजा आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. त्या बुधवारी रात्री वॉर्डात कोण उभं राहणार, एवढाच प्रश्न होता.

युनिटप्रमुख उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या पाळीत गेले होते. शिक्षकांच्या सुट्ट्या मे-जूनमध्ये अशा दोन पाळ्यांत होतात. त्यामुळे निर्णय माझ्याकडे आला.

दुसरी अडचण, जी अर्जात नव्हती

मी दुसरी जेआर-१, डॉ. ख, हिला बोलावलं. तिच्यावर सगळ्यात जास्त भार पडणार होता. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, त्याने जायलाच पाहिजे. मी करेन. पण मार्चमध्ये माझी आजी गेली तेव्हा मला एकच दिवस मिळाला होता. तेराव्याला मी इथे कलेक्शन करत होते."

मला ते माहीत होतं आणि मी विसरले होते. तेव्हाही इमर्जन्सीच होती. तिने तोंडी विचारलं होतं, जेआर-३ने "एक दिवस जाऊन ये" म्हटलं होतं, आणि ते माझ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. लग्न आधी ठरतं, पत्रिका छापली जाते, सगळ्यांना पटतं. मृत्यूची रजा अचानक येते, आणि मागणाऱ्यात भांडायचं बळ नसतं. त्यामुळे एकाच युनिटमध्ये दोन महिन्यांत दोन वेगळे न्याय झाले होते.

तिची तक्रार हे क ला रजा नाकारायचं कारण होऊ शकत नव्हतं. पण तिच्याकडून कव्हर घेताना हे न बोलता पुढे गेलो असतो तर ते कव्हर नाइलाजाचं झालं असतं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या: तेव्हा चूक झाली, आणि तिला जेव्हा घरी जायचं असेल तेव्हाचे तीन दिवस आजच लिहून ठेवू. ते तिच्यासमोर विभागाच्या रजा-रजिस्टरमध्ये पेन्सिलने नोंदवले. तारीख तेवढी मोकळी ठेवली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जेआर-३ने सुचवला: इमर्जन्सी करून जा. हिशेब केला तर तो बाद झाला. इमर्जन्सी गुरुवारी सकाळी आठला संपते, रस्ता आठ तासांचा, मुहूर्त दुपारी. तो पोहोचला असता तेव्हा पंगती उठलेल्या असत्या.

दुसरा पर्याय, युनिटची इमर्जन्सीच दुसऱ्या युनिटशी बदलायची. हे कधीकधी करतात. पण त्यात दोन युनिटची मिळून दहा-बारा माणसं हलतात, आणि ज्यांच्या कार्डावर बुधवार लिहिलेला आहे असे मधुमेहाचे, रक्तदाबाचे रुग्ण गावाहून बुधवारीच येतात. ओपीडी तशीच ठेवून फक्त इमर्जन्सी हलवली असती तर आमच्याच मुलांना त्या आठवड्यात दोन जड दिवस आले असते. एका माणसाच्या जागेसाठी हा फार मोठा उपाय होता.

तिसरा, जेआर-२ने खाली उतरून वॉर्ड सांभाळायचा. मग आयसीयूत जेआर-३, आणि कॅज्युल्टीत ख एकटी, निर्णय विचारायला जवळ कुणी नाही. कॅज्युल्टीत विषबाधा, उष्माघात, हार्ट अटॅक एकामागून एक येत असताना पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला असं सोडायला मी तयार नव्हते.

इंटर्न आहेतच की, असं एकजण म्हणाला. इंटर्न कलेक्शन करतील, रिपोर्ट आणतील, रुग्णाबरोबर सीटीला जातील. पण त्यांना कव्हर म्हणून मोजायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. रात्री दोन वाजता बीपी पडलं तर ऑर्डर लिहिणारी व्यक्ती इंटर्न असता कामा नये.

उरला चौथा: दुसऱ्या युनिटचा जेआर-१ रात्रीपुरता मागून घ्यायचा. युनिट दोनची इमर्जन्सी सोमवारी असते, बुधवारपर्यंत त्यांचा वॉर्ड जरा निवळलेला असतो. त्यांचा डॉ. ग तयार झाला.

काय ठरलं

क ने सोमवार ते शनिवार सहा दिवस मागितले होते. मी त्याला विचारलं, "यातला कोणता दिवस गेला तर तुला आयुष्यभर लागेल?" हळद आणि लग्न, तो म्हणाला; आणि शुक्रवार, कारण पाठवणीनंतर घरी आई एकटी असणार. मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी तीन दिवसांची किरकोळ रजा आणि मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर मुख्यालय सोडण्याची परवानगी, असा अर्ज नव्याने लिहिला. तो विभागप्रमुखांकडून दोन दिवसांत मंजूर होऊन आला.

बुधवारी दिवसा ओपीडीत मी आणि सीनिअर रेसिडेंट बसलो आणि जेआर-३ला ओपीडीतून सोडवून वॉर्डात ठेवलं. कॅज्युल्टीत ख. रात्री आठ ते सकाळी आठ वॉर्डात ग. हे सगळं नावानिशी आणि वेळेनिशी लिहून वॉर्डाच्या फळ्यावर, कॅज्युल्टीत आणि सिस्टरांच्या टेबलावर लावलं. सिस्टरांना द्यायचं आम्ही एरवी विसरतो. रात्री पहिला फोन त्याच करतात. रजेवरच्या माणसाला केला तर दहा मिनिटं तिथेच जातात.

मग हँडओव्हर. क ने मंगळवारी दुपारी जो कागद आणला त्यात अकरा रुग्णांपैकी सात जणांपुढे "स्टेबल" लिहिलं होतं. मी तो परत केला. ज्याने या रुग्णांना कधी पाहिलेलं नाही त्या ग ला "स्टेबल"चा काही उपयोग नाही. मी त्याला म्हटलं, प्रत्येकापुढे लिही की कोणता रिपोर्ट यायचा आहे, काय बिघडू शकतं, बिघडलं तर पहिलं काय करायचं आणि कुणाला फोन. दुसऱ्या कागदावर बेड 9ची ओळ अशी झाली: "यकृताचा आजार, पोटात पाणी. उद्या सकाळी पाणी काढणार. त्यानंतर रात्रीपर्यंत दर दोन तासांनी बीपी. वरचं 90च्या खाली गेलं तर अल्ब्युमिन फ्रीजमध्ये ठेवलंय, ते सुरू करून जेआर-३ला फोन."

बुधवारी रात्री अकराला बेड 9चं बीपी खरंच 86 झालं. ग ने कागद बघितला, अल्ब्युमिन लावलं, फोन केला. सकाळी ते काका चहा मागत होते. त्या रात्री 38 रुग्ण दाखल झाले. क च्या गैरहजेरीमुळे काही राहून गेलं, असं मला शोधूनही सापडलं नाही.

तिकडे तो पहाटे पोहोचला, हळदीला होता, लाह्या त्यानेच घातल्या. गुरुवारी दुपारी युनिटच्या ग्रुपवर एक फोटो आला, ख ने तो राउंडमध्ये सगळ्यांना दाखवला.

परतफेड

इथे आम्ही प्रकरण संपलं असं समजलो.

कव्हर घेतलं की ते फेडायचं असतं. ग ने बुधवारची रात्र केली, तर क त्याच्या युनिटच्या पुढच्या इमर्जन्सीची, म्हणजे सोमवारची रात्र करणार. ख ने शुक्रवारची रात्र केली, तर तिची रविवारची ड्यूटी क घेणार. हे त्या तिघांनी ठरवलं. मी विचारलं तेव्हा क म्हणाला, "मॅडम, आमचं झालंय ठरवून," आणि मी म्हटलं, "ठीक आहे, आपसात अ‍ॅडजस्ट करा."

नंतर मी तो आठवडा कागदावर मांडला. शनिवारी पहाटे सहाला तो बसमधून उतरला आणि आठला वॉर्डात आला, संध्याकाळी सहापर्यंत थांबला. रविवारी सकाळी आठ ते सोमवारी सकाळी आठ ख ची ड्यूटी. सोमवारी दिवसभर स्वतःचा वॉर्ड. सोमवारी रात्री आठपासून युनिट दोनची इमर्जन्सी. मंगळवारी सकाळी आठपासून पुन्हा स्वतःचा वॉर्ड, संध्याकाळी सहापर्यंत. रविवारी सकाळपासून मंगळवारी संध्याकाळपर्यंत सलग 58 तास. मध्ये कधी ड्यूटी रूममध्ये अर्धा तास, कधी पाऊण तास पडला असेल. आणि बुधवारी पुन्हा आमची इमर्जन्सी.

केंद्र सरकारच्या 1992च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त नसावं आणि आठवड्याला 48 तास असावेत असं लिहिलेलं आहे. आमच्याकडे रजा नसलेला आठवडाही त्याच्या जवळपास जात नाही. पण 58 तास सलग हे आमच्या नेहमीच्या मापानेही भयंकर होतं. रोस्टरवर ते कुठेच दिसत नव्हतं, कारण रविवारी तिथे ख चं नाव होतं आणि सोमवारी रात्री ग चं.

मंगळवारची दुपार

तीनच्या सुमाराला क वॉर्डात बसून रिपोर्ट बघत ऑर्डरी लिहीत होता. बेड 14च्या बाईंचं पोटॅशियम 2.8 आलं होतं, जुलाबांमुळे. त्यांना सलाइनमधून पोटॅशियम क्लोराइड द्यायला हवं होतं. त्याने ती ऑर्डर बेड 15च्या कागदावर लिहिली. बेड 15च्या मावशींच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या, त्यांचं पोटॅशियम आदल्या दिवशी 6.1 होतं. अशा रुग्णाला आणखी पोटॅशियम दिलं तर हृदयाचे ठोके बिघडून ते थांबूही शकतं.

दुपारच्या सिस्टरांनी औषध भरायला घेतलं आणि थांबल्या. त्या म्हणाल्या, "सर, यांना तर काल कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं होतं ना? मग आज पोटॅशियम कसं?" कॅल्शियम ग्लुकोनेट देतात ते वाढलेल्या पोटॅशियमपासून हृदय वाचवायला. हे ठाऊक असलेली आणि ते बोलून दाखवणारी सिस्टर त्या पाळीला होती, म्हणून मावशी वाचल्या. त्यांच्यापर्यंत औषधाचा एक थेंबही गेला नाही.

क माझ्याकडे स्वतः आला. काय झालं ते सांगितलं आणि म्हणाला, "मॅडम, मी रजा घ्यायलाच नको होती." त्याने स्वतःच्या चुकीचा लावलेला हा अर्थ मला त्या चुकीइतकाच काळजीत टाकून गेला. मी त्याला लगेच झोपायला पाठवलं आणि बुधवारी दुपारी दोनपर्यंत येऊ नको असं सांगितलं. तोवर वॉर्ड मी आणि जेआर-३ने बघितला. घडलेलं लिहून विभागप्रमुखांना दिलं; त्यात त्याच्या नावाआधी तासांचा तक्ता जोडला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णायक क्षण मार्चमधला "बघू" हा होता. तेव्हा तारीख लिहून घेतली असती तर 25 एप्रिलचा रोस्टर तिच्याभोवतीच लागला असता. मे महिन्यातल्या रात्री आधीच वेगळ्या वाटल्या असत्या आणि परतफेडीचं एवढं ओझं उरलंच नसतं. यात क ची चूक मला कमी वाटते. त्याने लेखी द्यायला हवं होतं हे खरं, पण लेखी दिलं की आगाऊ समजतील असं त्याला वाटावं, असं वातावरण आमचं होतं.

दुसरा क्षण माझा, "आपसात अ‍ॅडजस्ट करा" म्हणाले तो. रजेच्या तीन दिवसांचं नियोजन मी तासातासाने केलं आणि नंतरच्या चार दिवसांचं मुलांवर सोडलं. ती मुलं एकमेकांचं देणं शक्य तितक्या लवकर फेडायला बघतात, कारण उपकार अंगावर ठेवणं त्यांना अवघड वाटतं. क ला घाई होती, ग आणि ख ने त्याला घाई केली नव्हती. महिनाभरात कधीही फेड, असं मी एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

ग चाही हिशेब मी केला नव्हता. बुधवारी सकाळी आठपासून तो स्वतःच्या युनिटमध्ये होता, रात्री आमच्याकडे, आणि गुरुवारी दुपारी दोनला सुटला. तीस तास. त्याच्या युनिटप्रमुखांना फोन करून गुरुवारची सकाळ त्याला मोकळी मागायला हवी होती. तिथे काही बिघडलं नाही म्हणून ते माझ्या लक्षात आलं नाही.

कधीकधी वाटतं, शनिवारही रजेतच धरला असता तर? तो रात्रभर बसमध्ये होता. कागदावर एक दिवस जास्त गेला असता, त्याच्याकडे पंधरा शिल्लक होते. आम्ही कव्हर मिळवायच्या नादात प्रवासाची रात्र विश्रांतीत मोजली.

त्यानंतर

युनिटप्रमुख परत आल्यावर रोस्टरच्या कागदात दोन बदल झाले. अदलाबदल झाली की मूळ नाव खोडून प्रत्यक्ष येणाऱ्याचं नाव लिहायचं, म्हणजे एका माणसाची ओळ आडवी वाचली की त्याचे सलग तास दिसतात. आणि परतफेडीची तारीख रजेच्या अर्जावरच मागच्या बाजूला लिहायची. रजेवरून आल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत ती नको, आणि चोवीस तासांपुढे जोडून नको. दर महिन्याच्या 20 तारखेला जेआर-३ प्रत्येकाला नाव घेऊन विचारतो की पुढच्या दोन महिन्यांत घरी काही आहे का.

मृत्यूच्या रजेला मात्र अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. तिथे बारा दिवस नसतात, बारा तासही नसतात. सध्या एवढंच ठरलं आहे की असा फोन आला तर मुलाने जेआर-३ला न विचारता थेट आम्हा शिक्षकांपैकी एकाला सांगायचं आणि निघायचं. त्या रात्रीचा वॉर्ड कुणी बघायचा ते आम्ही शोधायचं. जुलैमध्ये ते एकदा करावं लागलं. त्या रात्री सीनिअर रेसिडेंट वॉर्डात थांबला आणि सकाळी सहाला मी त्याच्या जागी आले.

ख ने तिचे तीन दिवस ऑगस्टमध्ये घेतले. रजिस्टरमधली पेन्सिलची नोंद तिने स्वतः शाईने गिरवली. त्यातल्या बुधवारची रात्र क ने केली, आणि ती परतफेड म्हणून कुठे लिहू नका असं तो म्हणाला. आम्ही तरी ती लिहिली, कारण तास त्याचेच होते.